नळ्यांची वही

आमच्या एंडोस्कोपी विभागात तीन दुर्बिणी, एक क्ष-किरणांचं यंत्र आणि एक वही आहे. यंत्र बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो. वहीत चूक झाली तर कोणी येत नाही, म्हणून ती माझ्या ताब्यात असते.

तिला सगळे नळ्यांची वही म्हणतात. पित्तनळीत खडा अडकला की पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो. मग तोंडावाटे दुर्बीण आत घालून तो खडा काढतात. एका बैठकीत निघाला नाही, तर पित्ताला वाट राहावी म्हणून प्लास्टिकची एक नळी आत ठेवून देतात. बोटभर लांब, बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड. ही नळी तात्पुरती असते. दोन-तीन महिन्यांत ती काढायची किंवा बदलायची, कारण तिच्यातही गाळ साचतो आणि एक दिवस तीच तुंबते. पण नळी बसली की पिवळेपणा उतरतो, खाज थांबते, भूक लागते, आणि बरं वाटलेला माणूस दवाखान्याचं नाव काढत नाही. म्हणून ही वही. नळीच्या पाकिटावरचा स्टिकर सोलून वहीत लावायचा, शेजारी पेशंटचं नाव आणि फोन नंबर, आणि नळी काढायची तारीख लाल शाईने. दर सोमवारी सकाळी, पहिला पेशंट आत जाण्याआधी, मी त्या आठवड्याच्या लाल तारखा पाहून फोन करते.

नऊ वर्षं करते आहे. एका गृहस्थांनी मला सांगितलं होतं की नळी आता विरघळली असेल. एक बाई म्हणाल्या, राहू दे ना सिस्टर, बिचारी काही त्रास देत नाही. अशा लोकांशी मी गोड बोलत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगते की नळी तुंबली तर थंडी वाजून ताप येईल, रक्तात विष पसरेल आणि मग तुम्हाला स्ट्रेचरवरून यावं लागेल. लोक घाबरतात आणि येतात. नऊ वर्षांत वहीतली एकही नळी सुटलेली नव्हती आणि याचा मला गर्व होता. गर्व होता हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

घरी आम्ही तिघं. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. सासूबाई पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसतात. नवीन कपडे त्या शिवत नाहीत. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांच्या कोटाची शिवण सोडवणं, असली कामं. त्यांच्याकडेही एक वही आहे, मापांची. गिऱ्हाइकाचं नाव, माप, काम काय आणि कधी द्यायचं. दिलेल्या तारखेला कपडा तयार नाही असं मी कधी पाहिलं नाही. सुट्टीचा सोमवार आला की मी घरूनच फोन करायची, आणि त्या मशीन थांबवून ऐकत बसायच्या.

"काय गं झापतेस लोकांना," म्हणायच्या. "तुझ्या फोनला घाबरूनच बरे होत असतील."

त्यांना खाज सुटली तेव्हा मी मलम दिलं. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. मापाच्या लाकडी पट्टीने त्या पाठ खाजवत बसायच्या आणि मी म्हणायची, आई, हवा कोरडी आहे, अंगाला तेल लावत जा. रोज पिवळे डोळे बघणारी बाई मी. पण त्या बसायच्या मशीनच्या पिवळ्या दिव्याखाली, आणि मी घरी पोचेपर्यंत बाहेरचा उजेड गेलेला असायचा. शेवटी एका गिऱ्हाईक बाईंनी त्यांना दारात उभं करून सांगितलं की तुमचे डोळे पिवळे दिसताहेत. त्या संध्याकाळी मी त्यांना खिडकीशी नेलं. डोळे पिवळेजर्द होते. लघवी चहासारखी, शौचाचा रंग मातकट पांढरा, बरगडीखाली उजवीकडे अधूनमधून कळ, आणि हे सगळं तीन आठवड्यांपासून.

"सांगितलं का नाही?"

"तुला विचारलं तर तू तेल लाव म्हणालीस."

मी त्यांना तशीच रक्त तपासायला घेऊन गेले.

नवऱ्याला वाटलं, बाहेरचं पाणी पोटात गेलं असेल. कारण पित्ताशय तर बारा वर्षांपूर्वीच काढलेलं, मग खडा येणार कुठून? पुष्कळांना असंच वाटतं. पिशवी गेली तरी नळी राहते, आणि नळीत खडा राहून गेलेला असू शकतो किंवा नव्याने धरूही शकतो. रक्तात बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, एकाच्या आसपास हवा तो अकरा निघाला. सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली, दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये तिच्यात दोन खडे दिसले. एक वाटाण्याएवढा, दुसरा सोलल्या शेंगदाण्यापेक्षाही मोठा, नळीच्या बरोबर तोंडाशी.

आमच्याकडे नियम आहे की घरचा माणूस टेबलावर असेल तर आपण आत थांबायचं नाही. नियम चांगला आहे, मीच तो भिंतीवर लावला होता. त्या मंगळवारी मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाकावर बसले. आतला प्रत्येक आवाज मला ओळखीचा होता. आता दातांमध्ये धरायची कडी तोंडात बसवली. आता भूल देणाऱ्या डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. आता आमच्या डॉक्टर मॅडमनी दुर्बीण अन्ननलिकेतून, जठरातून पुढे आतड्याच्या सुरुवातीला नेली, जिथे पित्तनळीचं तोंड उघडतं. त्या तोंडात आमचा टेक्निशियन तार सरकवतो. त्याचा हात हलका आहे, सगळे त्याला तारवाला म्हणतात. तार गेली की रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांवर खडे बघायचे, तोंडाशी विजेच्या तारेने बारीक छेद द्यायचा, आणि मग फुगा किंवा जाळी घालून खडा आतड्यात ओढून आणायचा. पुढचं काम आतडं करतं.

सहसा अर्ध्या-पाऊण तासात होतं. सव्वा तास झाला. बाकावर बसलेल्या माणसाला सव्वा तास किती मोठा असतो हे मला नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं.

मॅडम मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "लहान खडा निघाला. मोठा जाळीत मावत नाही. तार दोन-तीनदा स्वादुपिंडाच्या नळीत गेली, आता आणखी खटपट केली तर ते चिडेल. नळी ठेवून दिली आहे. आठ आठवड्यांनी पुन्हा घेऊ. नळीच्या घासण्याने खडाही थोडा झिजतो. तुम्हाला काय सांगायचं सिस्टर, तुम्हीच सगळ्यांना सांगता."

त्यांच्या मागून तारवाला आला. त्याच्या बोटावर स्टिकर चिकटलेला होता.

"ताई, हा वहीत लावू? फोन नंबर तुमच्याच घरचा. म्हणजे सोमवारी तुम्ही तुम्हालाच फोन करणार?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले. सव्वा तासानंतर कोणी काही बोललं की हसायला येतंच. घरच्या माणसाला कसली वही, असं मी म्हणाले. मोबाईलचं कव्हर काढून तो स्टिकर मोबाईलच्या पाठीवर चिकटवला आणि वर पारदर्शक कव्हर परत बसवलं. "हे बघ, आता विसरायची सोयच नाही," असंही वर सांगितलं.

स्वादुपिंड चिडायचं ते चिडलंच. ते होऊ नये म्हणून औषध दिलं होतं, तरी शंभरातल्या पाच-सात जणांना होतं, आणि त्यांत आमच्या सासूबाई होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटातून पाठीकडे अशी कळ जाऊ लागली की त्या पाय पोटाशी घेऊन कुशीवर वळल्या आणि कोणाशी बोलेनात. उलट्या झाल्या. रक्ताच्या तपासणीत स्वादुपिंडाचा आकडा पाचपट वाढलेला. तीन दिवस तोंडाने फार काही नाही, शिरेतून सलाईन, वेदनेचं इंजेक्शन. माझ्या दृष्टीने हा सौम्य प्रकार होता. मी तसं त्यांना सांगितलंही.

"आई, हे सौम्य आहे."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "मग कडक असेल तर तू मला सांगूही नकोस," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी गाळलेलं सूप, मग मऊ भात, सहाव्या दिवशी घरी. जाताना मी त्यांना सगळं सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. शौचाला काळं झालं, ताप आला, पोट दुखलं तर लगेच सांगायचं. जेवण थोडं थोडं, तेलकट काही दिवस नको. पिवळेपणा एकदम जाणार नाही, दोन-तीन आठवडे घेईल. आणि नळीचं. नळी काय ते त्यांना समजेना, तेव्हा मी त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"कच्चा टाका असतो ना, तसं. पक्कं काम होईपर्यंत धरून ठेवायला."

"मग उसवायचं कधी?"

मी तारीख सांगितली. सोमवार होता.

"आणि लक्षात कोण ठेवणार?"

"कोण म्हणजे? माझं कामच आहे ते."

खाज पाचव्या-सहाव्या दिवशी थांबली. लघवीचा रंग निवळला, शौचाला पूर्वीचा रंग आला, हे त्या मला दारातच सांगायच्या, गिऱ्हाईक असलं तरी. महिन्याभरात बिलिरुबिन जवळजवळ मूळ पदावर आलं. मशीनची खडखड सुरू झाली. त्यांनी एका जाड्या माणसाच्या तीन पँटींची कंबर सोडवली आणि तो पुन्हा जाड होऊन आला म्हणून त्याला बोल लावले. नवऱ्याच्या कामाच्या वेळा बदलल्या. आमच्या विभागात नवीन दुर्बीण आली आणि ती धुण्याची पद्धत सगळ्यांना शिकवण्यात माझा महिना गेला. मी सोमवारी फोन करत होते. वहीत बघायची, मोबाईल उचलायची, नंबर लावायची. मोबाईलच्या पाठीवरचा स्टिकर माझ्या तळहाताला लागून असायचा. पहिले काही दिवस तो दिसायचा. मग दिसेनासा झाला, घरातला आरसा जसा वाकडा लागला तरी महिन्याभराने सरळच वाटू लागतो तसा.

ती तारीख आली आणि गेली. त्या सोमवारी मी चार जणांना फोन केले होते, हे मी नंतर वहीत पाहिलं.

नळी बसवून साडेपाच महिने झाले असतील. सकाळी मी डबा भरत होते. पुढच्या खोलीत मशीन चालू झालं आणि लगेच थांबलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा थांबलं. मी म्हटलं, दोरा तुटत असेल. जाऊन पाहिलं तर सासूबाई मशीनवर दोन्ही हात टेकून बसलेल्या, आणि त्यांच्या थरथरीने टेबलावरचा टाचण्यांचा डबा वाजत होता. दात दातावर आपटत होते. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी त्यांचं तोंड खिडकीकडे वळवलं. डोळे पिवळे होते.

थंडी, ताप, पिवळेपणा. फोनवर लोकांना घाबरवायला मी जी यादी म्हणून दाखवते ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती. मी मोबाईल उचलला, गाडी बोलवायला, आणि तो पालथा हातात आला. कव्हरच्या आत स्टिकर होता. पिवळट पडलेला, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

अपघात विभागात रक्तदाब नव्वदच्या खाली, नाडी एकशे वीस. त्या मला ओळखत होत्या, पण वार विचारला तर चुकीचा सांगत होत्या. रक्त घेतलं, शिरेतून प्रतिजैविकं सुरू झाली, सलाईनच्या बाटल्या लागल्या. मॅडम खाली आल्या. त्यांनी फाईल चाळली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नळी कधी काढली?"

"काढली नाही."

"वहीत?"

"वहीत नाही."

त्यांनी फाईल मिटली. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "दाब थोडा सावरला की दुपारीच घेऊ," एवढं म्हणून त्या गेल्या. दरवाजाशी तारवाला उभा होता. तो बोलघेवडा माणूस, पण त्या दिवशी त्याने फक्त माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नवरा कामावरून तसाच आला, हातांना ग्रीस. मी त्याला सांगितलं, नळी दोन महिन्यांत काढायची होती, मी विसरले. तो माझ्याकडे बघत राहिला. "तू?" म्हणाला. एवढंच. त्याला खरंच समजलं नव्हतं, मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलते आहे असं त्याला वाटलं असावं. मग समजलं, तेव्हा तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. आमच्या मध्ये तीन माणसांची जागा रिकामी होती.

मी त्या बाकावर दुसऱ्यांदा बसले होते. या वेळी मी आतले आवाज ऐकले नाहीत. मी हिशेब मांडत होते की अशा अवस्थेत किती जण वाचतात. मला आकडे माहीत आहेत. वेळेवर पित्ताला वाट करून दिली तर बहुतेक वाचतात. त्या बहुतेक या शब्दावर माझं मन अडून बसलं. आई मरतील आणि ते माझ्यामुळे असेल, असं मी स्वतःशी सरळ म्हणून पाहिलं.

पन्नास मिनिटांनी दार उघडलं. मॅडमनी सांगितलं की नळी चिमट्याने धरून ओढली तेव्हा तिच्यामागून पू आणि चिखलासारखा गाळ आला. नळी आतून गच्च भरली होती. मग पित्तनळीचं तोंड मोठ्या फुग्याने रुंद केलं आणि खडा आतल्या आतच जाळीत चिरडून तुकडे बाहेर काढले. शेवटी रंगद्रव्य सोडून पाहिलं, पित्तनळी साफ होती. नवीन नळी ठेवावी लागली नाही.

"जगतील ना?" नवऱ्याने विचारलं.

"चोवीस तास जाऊ देत," मॅडम म्हणाल्या. "पण दाब आताच वर येतो आहे."

चोवीस तास गेले. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. या वेळी स्वादुपिंड शांत राहिलं. तिसऱ्या दिवशी सासूबाई उशीला टेकून बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, की इथल्या गाऊनची शिवण कोणी घातली आहे, त्याला आधी दुर्बीण घाला.

मी त्यांना चमच्याने सूप भरवत होते. वॉर्डात दुपारची शांतता होती, शेजारच्या खाटेवरची बाई झोपली होती. मी तीन दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं.

"आई, माझी चूक झाली. मी विसरले. नळी काढायची तारीख मी विसरले."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? माझ्या वहीत लिहिलीय ना ती." त्यांनी चमचा बाजूला सारला. "मापांच्या वहीत. कच्चा टाका, उसवणे, आणि खाली तारीख. तू सांगितलीस त्याच दिवशी लिहिली."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

त्या चादरीच्या काठावरची शिवण नखाने चाचपू लागल्या.

"त्या सोमवारी मी सकाळपासून मशीनला हात लावला नाही. फोन जवळ घेऊन बसले होते. तू सगळ्यांना करतेस ना, म्हटलं आज आपली पाळी. अशी घाबरले होते गं. त्या वेळी पोटात जे दुखलं ना, तसं मला माझ्या बाळंतपणातही दुखलं नव्हतं. परत ते नको म्हणून देवाला सांगत होते. दुपार झाली, फोन नाही. संध्याकाळी तू आलीस, चहा घेतलास, नवीन दुर्बिणीचं बोलत बसलीस. मला वाटलं, सुटले."

"अहो, पण मग..."

"आणि थोडं वाईटही वाटलं," त्या म्हणाल्या. "परक्या बायकांना तू इतकी झापतेस. मला एक फोन नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी म्हण आहे. शाळेत असताना मी तिचं वाक्य लिहिलं होतं, काहीतरी चष्म्याबद्दल. मी सूपची वाटी खाली ठेवली आणि रडले. वॉर्डात गणवेश घालून रडू नये असा काही नियम नाही, पण मी कधी रडले नव्हते. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात अजून हलका, पिवळा होता.

"माझं हे डॉक्टरीणबाईंना सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या. "म्हणतील, म्हातारीने मुद्दाम लपवलं."

मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या क्षणी मला सुटका दिसली. परवा आमच्या विभागाची बैठक होती, त्यात हे प्रकरण निघणार होतं. पेशंटला तारीख माहीत होती, लिहूनही दिली होती, भीतीपोटी पेशंटने आठवण केली नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. असं होतं, सगळ्यांना पटलं असतं. एक रात्र मी ते वाक्य मनात नीट बसवून पाहिलं.

बैठकीत मी ते म्हटलं नाही. मी वही घेऊन गेले होते. मोबाईलचं कव्हर काढून मी तो स्टिकर सोलला. अर्धा सोलला, कोपरा फाटला. साडेपाच महिन्यांपूर्वीच्या पानावर जागा उरलेली नव्हती, म्हणून समासात लावला. शेजारी सासूबाईंचं नाव, घरचा नंबर आणि लाल शाईने ती जुनी तारीख लिहिली. शेरा लिहायच्या रकान्यात लिहिलं: आठवण दिली नाही. पुढे माझी सही केली. मग मॅडमना म्हणाले की यापुढे स्टिकर लावल्याशिवाय पेशंट खोलीबाहेर काढायचा नाही, मग तो कोणाच्याही घरचा असो, तुमच्यासुद्धा. मॅडमनी मान हलवली. तारवाला म्हणाला, "त्या दिवशी मी चेष्टा केली ती चुकलीच, ताई." मी म्हटलं, चेष्टा तुझी होती, वही माझी होती.

आठव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. प्रतिजैविकाच्या गोळ्यांचे दोन दिवस राहिले होते. जिना चढताना दोनदा थांबल्या. शक्ती यायला वेळ लागेल हे मी त्यांना सांगितलं होतं, पण त्यांना ते मानवत नव्हतं. दुपारी झोपावं लागतं याचा त्यांना राग यायचा. मशीनवर पंधरा मिनिटं बसायच्या, मग सुई तशीच कापडात ठेवून आडव्या व्हायच्या. नवऱ्याने मशीनच्या दिव्यातला पिवळा बल्ब काढून पांढरा लावला. माझ्याशी तो त्या आठवड्यात कामापुरतंच बोलायचा. एके सकाळी त्याने माझा डबा भरून ठेवलेला दिसला.

नळी आता नव्हती. तरी दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं होतं, आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण ज्यांच्या पित्तनळीत एकदा खडे होतात त्यांच्यात ते पुन्हा होऊ शकतात. मी हे दोन्ही वहीत लिहिलं.

सोमवारी सकाळी विभागात मी वही उघडली. लाल तारखा तीन होत्या. दोन फोन केले. एका माणसाने नळीचा काही त्रास नाही म्हणून सांगितलं, त्याला मी नेहमीसारखं झापलं. मग तिसरा नंबर लावला. तारवाला दुर्बिणी पुसत होता, त्याचा हात थांबला.

पलीकडे मशीनची खडखड ऐकू आली आणि थांबली.

"हॅलो," सासूबाई म्हणाल्या.

"नमस्कार. एंडोस्कोपी विभागातून बोलते आहे. तुमची रक्ताची तपासणी शुक्रवारी आहे. सकाळी नऊला यायचं. थंडी, ताप, पोटात दुखणं, डोळे पिवळे होणं, काही त्रास?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्रास काही नाही हो, सिस्टर," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी येते. पण गुरुवारी पुन्हा एकदा फोन करा. घरी सून आहे, पण ती विसरते."